बारावीचा निकाल: वाट बघायचे दोन महिने आणि नंतरचे पंधरा दिवस, काय कधी करायचं

बारावीचे पेपर मार्चमध्ये संपतात आणि निकाल लागतो मेमध्ये. 2025 ला 5 मेला लागला, 2024 ला 21 मेला, 2023 ला 25 मेला. म्हणजे मधे दीड-दोन महिने जातात आणि दरवर्षी तेच होतं, हे दोन महिने मुलं मनातल्या मनात पेपर परत परत तपासत बसतात, आणि निकाल लागल्यावर ज्या कामांना जेमतेम दहा-पंधरा दिवस मिळतात ती करायला कुणाचं डोकं जागेवर नसतं. उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीची मुदत निघून जाते, पुरवणी परीक्षेचा फॉर्म लेट फीमध्ये जातो, नॉन-क्रिमीलेयर जुनं निघतं आणि सेतूत रांग लागते. क्रम चुकतो म्हणून हे होतं, त्यामुळे इथे सगळं क्रमानेच लिहितोय. महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीसाठी आहे, सायन्सवर भर जास्त आहे, पण निकालानंतरचा बराचसा भाग आर्ट्स कॉमर्सवाल्यांनाही तसाच लागू होतो.

## टप्पा 1: मार्कांचा अंदाज एकदाच काढायचा आणि वही बंद

शेवटचा पेपर झाल्यावर तीन-चार दिवस काहीच करू नका, झोप पूर्ण करा. मग एका दुपारी बसून प्रत्येक विषयासमोर दोन आकडे लिहा. एक कमीत कमी, म्हणजे ज्या प्रश्नांबद्दल शंका आहे ते सगळे चुकले असं धरून. दुसरा जास्तीत जास्त, म्हणजे ते सगळे बरोबर आले असं धरून. प्रॅक्टिकलचे मार्क माहीत नसतील तर तिथेही असेच दोन आकडे. कागदावर तारीख टाका आणि कागद ठेवून द्या.

हे एवढंच आणि एकदाच. बोर्डाच्या लेखी पेपरात पायऱ्यांना मार्क असतात, गणितात शेवटचं उत्तर चुकलं तरी सूत्र आणि मधल्या पायऱ्यांचे मिळू शकतात, आणि तुम्ही नेमकं काय लिहिलं होतं हे तुम्हाला महिन्याभराने धड आठवतही नाही. त्यामुळे दहाव्यांदा काढलेला अंदाज पहिल्यापेक्षा जास्त बरोबर निघत नाही, फक्त त्या दिवशीच्या मूडप्रमाणे खाली-वर होतो. मित्राशी उत्तरं जुळवून बघण्याचंही तेच, त्याचं उत्तर वेगळं आलं म्हणजे तुमचं चुकलं असं कुठे ठरलंय.

दोन आकडे का, तर पुढे टप्पा 4 मध्ये प्लॅन करताना ते लागणार आहेत. एकच आकडा लिहिला की मन त्यालाच चिकटतं आणि त्यापेक्षा तीन मार्क कमी आले तरी सगळं गेलं असं वाटायला लागतं.

तपासा: तुमच्या कागदावर एकाही विषयात कमीत कमीचा आकडा 35 च्या खाली आहे का? असेल तर त्या विषयाची पुस्तकं रद्दीत देऊ नका आणि कुणाला देऊनही टाकू नका.

## टप्पा 2: काळजीला वेळ ठरवून द्या, दिवसभर मोकळं सोडू नका

"विचार करू नकोस" असं सांगून कुणाचे विचार थांबत नाहीत, उलट वाढतात. त्यापेक्षा हे करून बघा. रोज संध्याकाळी वीस मिनिटं ठरवा, समजा सहा ते सहा वीस, आणि त्या वेळेत वही घेऊन बसा. पानाच्या मधे रेघ मारा, डावीकडे "माझ्या हातात आहे" आणि उजवीकडे "नाही". दिवसभरात जे जे मनात आलं ते कुठल्यातरी एका बाजूला लिहा. "फिजिक्सचा पाचवा प्रश्न चुकला" हे उजवीकडे. "फेल झालो तर फॉर्म कसा भरायचा माहीत नाही" हे डावीकडे, कारण ते उद्या कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विचारता येतं. वीस मिनिटं झाली की डावीकडचं एक काम उद्यासाठी निवडायचं आणि उठायचं.

दिवसभरात मधेच विचार आला तर मोबाईलवर एक ओळ टाइप करून ठेवा आणि स्वतःला सांगा की संध्याकाळी बघू. पहिले चार-पाच दिवस अवघड जातं, मग हळूहळू मनाला कळतं की याची वेळ ठरलेली आहे. एक पथ्य मात्र पाळा, ही वही अंथरुणात घ्यायची नाही, रात्री अकरानंतर निकालाचा विचार करून कुणाचंही काही भलं झालेलं नाही.

दुसरी गोष्ट अफवांची. एप्रिलच्या मध्यापासून व्हॉट्सअॅपवर "निकाल उद्या" अशी पत्रं फिरायला लागतात, बोर्डाचा लोगो लावून, सही-शिक्क्यासकट. बोर्ड तारीख प्रेसनोट काढून आधी जाहीर करतं, आणि निकाल साधारण दुपारी 1 वाजता ऑनलाइन येतो. म्हणजे रात्री अडीचला उठून वेबसाइट रिफ्रेश करण्यात काहीच अर्थ नाही. दिवसातून एकदा mahahsscboard.in बघा, किंवा घरातल्या एकाच माणसाला हे काम देऊन टाका आणि तुम्ही बघूच नका.

सायन्सवाल्यांसाठी एक वेगळं सांगायचंय. तुमचं वाट बघणं रिकामं नसतं, मधे एमएचटी-सीईटी असते, आणि महाराष्ट्रात इंजिनीअरिंगची मेरिट सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते. बारावीचे मार्क पात्रतेसाठी लागतात, टाय झाला तर लागतात, पण मुख्य मेरिट सीईटीची. बोर्डाच्या झालेल्या पेपरवर रडण्यात गेलेला एप्रिल हा सीईटीच्या मार्कांतून कापला जातो, म्हणून हे दोन महिने मोकळे समजू नका.

सावध: झोप दोन आठवडे उडाली, जेवण सुटलं, माणसांत बसणं बंद झालं किंवा "नापास झालो तर मी राहणारच नाही" असलं काही तोंडातून निघालं, अगदी चेष्टेत म्हणाला तरी, तर ही वही-बिही पुरे. त्याच दिवशी घरच्यांना सांगा आणि टेलि-मानसच्या 14416 वर फोन करा. सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं. आईबाबांनी असं वाक्य ऐकलं तर "काहीतरी बोलू नकोस" म्हणून विषय बंद करू नका, जवळ बसा, सरळ विचारा आणि त्या मुलाला एकटं सोडू नका.

## टप्पा 3: कागदपत्रं, निकालाच्या आधी

हा टप्पा कंटाळवाणा आहे म्हणूनच राहतो, आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. प्रवेशाच्या वेळी अख्खा जिल्हा एकदम सेतूत येतो, तेव्हा जे काम एप्रिलमध्ये आठवड्यात होतं त्याला जूनमध्ये किती दिवस लागतील सांगता येत नाही.

पहिलं हॉल तिकीट शोधा. त्यावरचा सीट नंबर, इंग्रजी अक्षरासकट, आणि आईचं पहिलं नाव कसं छापलंय ते नीट बघा. ऑनलाइन निकाल या दोन गोष्टींवरच उघडतो. फॉर्ममध्ये आईचं नाव "Sunita" आहे की "Suneeta", हे आत्ता बघून ठेवा, निकालाच्या दिवशी घाम फुटलेला असताना नाही.

दुसरं, प्रवेशाची कागदं. शाळा-कॉलेज सोडल्याचा दाखला निकालानंतर मिळेल, पण दहावीचं मार्कशीट, डोमिसाइल, राष्ट्रीयत्वाचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला आत्ता जमवता येतो. आरक्षित प्रवर्गातले असाल तर जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र लागतं. जात वैधतेचा अर्ज जात पडताळणी समितीकडे जातो आणि त्याला महिने लागू शकतात, त्यामुळे अजून केला नसेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी तो करा.

नॉन-क्रिमीलेयरचं नेहमी चुकतं. दाखला "आहे" एवढं पुरत नाही, ज्या वर्षी प्रवेश घेताय त्या शैक्षणिक वर्षाच्या 31 मार्चपर्यंत तो वैध असायला लागतो. 2025-26 च्या प्रवेशाला 31 मार्च 2026 पर्यंत वैध दाखला लागत होता. दहावीनंतर काढलेला तसाच पुढे लावता येईल असं गृहीत धरून मुलं बसतात आणि स्क्रुटिनीत अडकतात. ईडब्ल्यूएसचा दाखलाही चालू वर्षाचाच लागतो.

तपासा: सगळ्या कागदांवर तुमचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव सारखंच आहे का? आधारवर एक स्पेलिंग आणि मार्कशीटवर दुसरं असेल तर ते दुरुस्त करायला हाच वेळ आहे.

## टप्पा 4: तीन निकालांचे तीन कागद

आता टप्पा 1 मधला कागद काढा. बहुतेक जण एकच प्लॅन करतात, चांगले मार्क पडल्यावरचा, आणि बाकीच्याचा विचार करणं म्हणजे अपशकुन असं त्यांना वाटतं. तसं नाहीये. तीन कागद घ्या आणि प्रत्येकावर फक्त हे लिहा: पहिल्या तीन दिवसांत कुठे जायचं, कुठला फॉर्म भरायचा, किती पैसे लागतील.

पहिला कागद, अंदाजाच्या वरच्या आकड्याएवढे मार्क आले तर. दुसरा, पास झालो पण हवी ती पात्रता हुकली तर. तिसरा, एक किंवा जास्त विषय राहिले तर.

दुसऱ्या कागदाकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या कारण तिथे मुलं सगळ्यात जास्त गोंधळतात. इंजिनीअरिंगला नुसतं पास होऊन चालत नाही, फिजिक्स, मॅथ्स आणि तिसरा पात्र विषय, बहुतेकांचा केमिस्ट्री, या तिन्हीचे मिळून खुल्या प्रवर्गाला किमान 45 टक्के आणि महाराष्ट्रातल्या आरक्षित प्रवर्गाला 40 टक्के लागतात. म्हणजे 300 पैकी 135, किंवा 120. इंग्रजी आणि मराठीत कितीही पडले तरी ते इथे मोजत नाहीत. एकूण टक्केवारी बघून खूश झालेली मुलं इथे फसतात.

तुमच्या कमीत कमी अंदाजाची या तीन विषयांची बेरीज करा. 135 च्या खूप वर असेल तर दुसऱ्या कागदावर वेळ घालवू नका. जवळपास असेल तर पर्यायांची नावं आत्ताच लिहा. बारावी सायन्स पासवर पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, डी.फार्म आहे, बी.एस्सी. आहे, बीसीएचा विचार असेल तर त्याला आता वेगळी सीईटी असते आणि तिचा फॉर्म निकालाच्या आधीच भरायला लागतो, हे खूप जणांना उशिरा कळतं.

तिसऱ्या कागदावर हे लिहा की पुरवणी परीक्षा जून-जुलैमध्ये होते, पास झालेले विषय परत द्यावे लागत नाहीत, आणि पॉलिटेक्निकचं पहिलं वर्ष व आयटीआय दहावीच्या मार्कांवर असतं. म्हणजे बारावीत विषय राहिला तरी दहावीचं मार्कशीट अजून चालतं.

तपासा: तीनही कागदांवर पहिल्या तीन दिवसांची कामं लिहिलीत का? "बघू" असं लिहिलं असेल तर तो कागद अजून झालेला नाही.

## टप्पा 5: घरच्यांशी आधीच बोलून घ्या

हे तीन कागद आईबाबांसमोर ठेवा, निकालाच्या निदान आठवडाभर आधी. नुसतं "टेन्शन आलंय" म्हटलं की घरचे "होईल रे सगळं नीट" म्हणतात आणि विषय संपतो. कागद समोर असला की बोलणं कामाचं होतं, फी किती, होस्टेल परवडेल का, गावातच राहून काय करता येईल.

दोन गोष्टी स्पष्ट ठरवून घ्या. निकाल आधी कोण बघणार, आणि नातेवाइकांना कोण सांगणार. माझं मत असं की निकाल मुलाने किंवा मुलीने स्वतः बघावा, आईबाबांपैकी एक जण शेजारी असावं, आणि काका-मामा-आत्या सगळ्यांना संध्याकाळी सातनंतर घरातल्या मोठ्या माणसाने फोन करावा. दुपारी एक ते सात मुलाचा फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात राहू द्या.

सावध: सीट नंबर फॅमिली ग्रुपवर टाकू नका. सीट नंबर आणि आईचं नाव एवढ्यावर निकाल उघडतो, आणि आईचं नाव सगळ्या नातेवाइकांना माहीतच असतं. तुम्ही बघायच्या आधी मावशीचा फोन येतो तो असाच.

## टप्पा 6: निकालाचा दिवस

सकाळी नीट जेवून घ्या. साडेबारापर्यंत mahahsscboard.in उघडून ठेवायची गरज नाही, एकला साइट जड होतेच आणि पहिली वीस-पंचवीस मिनिटं पान उघडत नाही. "साइट बंद म्हणजे माझाच निकाल राखून ठेवलाय" असं डोक्यात घेऊ नका. एक साइट अडली तर hscresult.mkcl.org किंवा डिजिलॉकरची results.digilocker.gov.in बघा, निकाल तोच असतो.

उघडला की आधी नाव आणि सीट नंबर बघा. मग विषयवार मार्क, मग शेवटी निकालाची ओळ. स्क्रीनशॉट घ्या आणि पीडीएफ सेव्ह करा. एखाद्या विषयासमोर मार्कच नाहीत, गैरहजर दाखवलंय किंवा निकाल राखीव आहे असं दिसलं तर ते बहुतेक वेळा प्रॅक्टिकलचे किंवा तोंडीचे मार्क न पोचल्यासारखं काहीतरी असतं, दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजच्या ऑफिसात जा, विभागीय मंडळाकडे कॉलेजमार्फतच पाठपुरावा होतो.

त्या दिवशी कुठलाही निर्णय घेऊ नका. "आता आर्ट्सच घेतो", "परत बसणारच नाही", "एक वर्ष गॅप घेतो", यातलं काहीही त्या संध्याकाळी ठरवायचं नाही. फक्त तीनपैकी कुठला कागद लागू झाला ते बघा आणि तो भिंतीवर लावा.

## टप्पा 7: पुढचे पंधरा दिवस

पहिला कागद लागू झाला असेल तर फार सांगण्यासारखं नाही. सीईटीचा निकाल वेगळा लागतो, 2025 ला पीसीएमचा जूनमध्ये लागला होता, तोपर्यंत टप्पा 3 ची फाईल पूर्ण करा. सीईटी सेलचं त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचा, विशेषतः ऑटो फ्रीजचा नियम. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की ते घ्यावंच लागतं, म्हणून पहिल्या नंबरवर उगाच टाकून बघू असं करायचं नाही.

### मार्क कमी आले किंवा पात्रता हुकली

इथे तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या सगळ्यांना लोक "रिचेकिंग" म्हणतात, गोंधळ तिथूनच सुरू होतो.

गुणपडताळणी म्हणजे सगळ्या उत्तरांना मार्क दिलेत का, बेरीज बरोबर आहे का, आतले मार्क मुखपृष्ठावर नीट उतरलेत का, एवढंच बघतात. उत्तर परत तपासत नाहीत. 2025 ला एका विषयाला 50 रुपये होते. छायाप्रत म्हणजे तुमच्या उत्तरपत्रिकेची कॉपी तुम्हाला मिळते, विषयाला 400 रुपये. पुनर्मूल्यांकन म्हणजे उत्तरपत्रिका परत तपासतात, विषयाला 300 रुपये, आणि ते छायाप्रत घेतल्याशिवाय मागताच येत नाही. छायाप्रत मिळाल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत अर्ज करायचा असतो. 2025 ला निकाल 5 मेला लागला आणि पडताळणी-छायाप्रतीचे अर्ज 6 ते 20 मे एवढेच चालू होते. म्हणजे एक आठवडा रडण्यात आणि एक आठवडा लोकांना विचारण्यात गेला की संपलं.

एक उदाहरण घेऊन बघू. समजा खुल्या प्रवर्गातली एक मुलगी आहे, तिला फिजिक्स 46, केमिस्ट्री 44, मॅथ्स 38 पडले. बेरीज 128, म्हणजे 42.67 टक्के. लागतात 135, सात मार्क कमी. सीईटी चांगली गेलीये पण या मार्कांवर इंजिनीअरिंगला पात्रच नाही.

पहिल्या दिवशी ती आपला अंदाजाचा कागद काढते. मॅथ्सचा कमीत कमी अंदाज 49 होता, पडले 38. फिजिक्सचा अंदाज 44 ते 58, त्यात 46 बसतात. केमिस्ट्रीही अंदाजात बसते. म्हणजे शंका घ्यायला जागा फक्त मॅथ्समध्ये आहे. हाच अंदाजाच्या कागदाचा खरा उपयोग, नाहीतर माणूस घाबरून तिन्ही विषयांचे पैसे भरतो आणि तीन उत्तरपत्रिकांमागे धावत बसतो.

ती मॅथ्सची छायाप्रत मागते, 400 रुपये. कॉपी आली की स्वतः मार्क मोजत बसायचं नाही, आपल्या विषयाच्या सरांकडे किंवा मॅडमकडे न्यायची आणि तीन गोष्टी विचारायच्या: कुठलं उत्तर न तपासता राहिलंय का, जोडलेल्या पुरवणी कागदांवरचे मार्क मोजलेत का, आणि पायऱ्यांचे मार्क जिथे द्यायला हवे तिथे शून्य दिलंय का. सरांना सहा-सात मार्कांची स्पष्ट जागा दिसली तर पुनर्मूल्यांकनाला आणखी 300 भरायचे. "एखादा मार्क वाढेल कदाचित" एवढंच दिसत असेल तर तिच्या बाबतीत भरू नयेत, कारण तिला एक नाही सात हवेत. पुनर्मूल्यांकनात मार्क वाढतीलच असं काही नसतं, त्यामुळे भरवसा छायाप्रतीत डोळ्यांना काय दिसतं त्यावर ठेवायचा.

आणि हे चालू असताना ती थांबत नाही. पुनर्मूल्यांकनाचा निकाल कधी येईल यावर तिचं नियंत्रण नाही, म्हणून त्याच आठवड्यात ती कॉलेजमध्ये श्रेणीसुधारचा फॉर्म विचारते, म्हणजे पास झालेल्यांनी मार्क वाढवण्यासाठी परत परीक्षा द्यायची योजना, आणि थेट दुसऱ्या वर्षाच्या डिप्लोमाच्या प्रवेशाची तारीख लिहून ठेवते. मार्क वाढले तर कॅपमध्ये, म्हणजे सीईटी सेलच्या इंजिनीअरिंग प्रवेशफेऱ्यांत, नाही वाढले तर डिप्लोमा आणि त्यातून पुढे इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. श्रेणीसुधारचा निकाल त्याच वर्षीच्या कॅपसाठी वेळेत येतो का हे दोन्ही वेळापत्रकं समोरासमोर ठेवून बघायचं, पुरवणीचा निकाल साधारण जुलैअखेर येतो.

सावध: पुनर्मूल्यांकनाचा अर्ज केला म्हणून बाकीचे फॉर्म थांबवू नका. सगळ्यात महाग पडणारी चूक हीच आहे.

### विषय राहिला

आधी कॉलेजच्या ऑफिसात जा, पुरवणीचा फॉर्म तिथूनच भरतात. 2025 ला निकालानंतर दोनच दिवसांनी, 7 मेपासून फॉर्म सुरू झाले आणि परीक्षा 24 जूनला सुरू झाली. निकाल ते परीक्षा बरोबर पन्नास दिवस. दोन-तीन मार्कांनी राहिला असाल तर छायाप्रतही मागवा, पण पुरवणीचा फॉर्म त्याआधी भरून टाका. नंतर पास झालात तर फॉर्मची फी गेली एवढंच होईल, पण फॉर्म भरला नाही आणि मार्क वाढले नाहीत तर फेब्रुवारीपर्यंत थांबावं लागेल.

पन्नास दिवसांचं असं करा. पहिला आठवडा फॉर्म, छायाप्रत आणि घरी सगळं शांत होण्यासाठी सोडा, पुस्तक उघडलं नाही तरी चालेल. दुसऱ्या आठवड्यात मागच्या काही वर्षांचे पेपर घेऊन बसा आणि कुठल्या धड्यावर किती मार्कांचं येतं याची यादी करा. तुम्हाला 35 च्या पुढे जायचंय, त्यामुळे अख्खं पुस्तक पहिल्यापासून घेऊ नका, निम्म्या मार्कांचे असे धडे निवडा जे तुम्हाला त्यातल्या त्यात जमतात. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात तेच धडे, रोज तीन तास, लिहून. सातव्या आठवड्यात घड्याळ लावून चार-पाच पूर्ण पेपर सोडवा आणि ते कुणाकडून तरी तपासून घ्या. स्वतःचा पेपर स्वतः तपासला तर मार्क नेहमी जास्तच पडतात.

छायाप्रत मागवली असेल तर ती इथेही उपयोगी पडते, मार्क वाढोत न वाढोत. नेमकं काय चुकलं ते तिच्यात दिसतं, प्रश्न सोडले होते, अर्धवट लिहिले होते की लिहूनही मार्क मिळाले नाहीत. प्रश्नच सोडले असतील तर अडचण वेळेची आहे, आणि मग सातव्या आठवड्यातले पेपर बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाचे. लिहूनही शून्य असेल तर तो धडा समजलेला नाही, तिथे शिकवणारं माणूस लागतं, नुसतं पाठ करून चालणार नाही.

दोन-तीन विषय राहिले असतील आणि पन्नास दिवसांत सगळे निघणार नाहीत असं सरांनाही वाटत असेल, तर दहावीवरच्या आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या तारखा त्याच आठवड्यात बघून घ्या. ते प्रवेश पुरवणीच्या निकालासाठी थांबत नाहीत. तिथे प्रवेश घेतला म्हणून बारावीचे विषय सोडून द्यायला लागतात असं नाही, ते पुढच्या परीक्षेला देता येतात.

### मूळ मार्कशीट हातात आल्यावर

ऑनलाइन निकालानंतर काही दिवसांनी कॉलेजमधून छापील मार्कशीट मिळते. घेतानाच खिडकीपाशी उभं राहून नाव, आईचं नाव आणि प्रत्येक विषयाचे मार्क ऑनलाइन प्रिंटशी जुळवून बघा. चूक असेल तर तिथेच अर्ज द्या आणि पोच घ्या. लॅमिनेशन करू नका, पुढे पडताळणीला आणि दुरुस्तीला लॅमिनेट केलेलं मार्कशीट त्रास देतं. पाच-सहा झेरॉक्स, एक स्कॅन फोनमध्ये आणि एक घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी ईमेलवर, मग मूळ प्रत फाईलमध्ये.